मॅडम, एकतीस टक्के म्हणजे जास्त का?

पीएचडीचा प्रबंध जमा करण्याआधी त्याचा सिमिलॅरिटी रिपोर्ट काढायचं काम आमच्याकडे ग्रंथालयाचं, आणि ग्रंथालयात ते माझ्या टेबलावर येतं. फाईल अपलोड करायची, थांबायचं, रिपोर्ट उघडायचा. समोर बसलेला विद्यार्थी मान वाकडी करून आधी आकडा वाचतो आणि मग तोच प्रश्न विचारतो. मी त्याचं उत्तर लगेच देत नाही, कारण नुसत्या आकड्यावरून ते देताच येत नाही.

मागच्या वर्षी कांद्याच्या विक्रीव्यवस्थेवर प्रबंध लिहिलेला एक मुलगा आला होता. प्रबंध इंग्रजीत, सगळं मिळून 52 हजार शब्द. रिपोर्टवर पिवळा चौकोन आणि त्यात 31. त्याचा चेहराच उतरला. यूजीसीचे 2018 चे नियम त्याने वाचलेले होते: 10 टक्क्यांपर्यंत काही होत नाही, 10 च्या वर 40 पर्यंत प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा, त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने, 40 ते 60 मध्ये वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही, 60 च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. "म्हणजे माझे सहा महिने गेले," तो म्हणाला.

त्याला म्हटलं, आधी हा 31 कशाचा आहे ते बघू. सॉफ्टवेअर चोरी मोजत नाही. तुमचे शब्द त्याच्याकडच्या साठ्यातल्या मजकुराशी जिथे जुळतात तिथे ते रंग लावतं, रंगवलेले शब्द मोजतं आणि एकूण शब्दांशी त्यांचं प्रमाण काढतं. तुम्ही खाली संदर्भ दिलाय की नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही. 52 हजारांपैकी 31 टक्के म्हणजे सुमारे 16 हजार शब्द रंगलेले. हे 16 हजार कुठे आहेत, ते पान उलटून बघावं लागतं.

आम्ही बघितलं. पहिला मोठा ढीग शेवटी होता: संदर्भसूची. कांद्याच्या बाजारावर काम करणारा प्रत्येक जण साधारण तेच लेख वाचतो, त्यामुळे सूची जुळणारच. तिच्यातले सुमारे 3,900 शब्द रंगले होते. सुरुवातीचं प्रतिज्ञापत्र आणि गाईडचं प्रमाणपत्र विद्यापीठाच्या ठरलेल्या नमुन्यात असतं, ऋणनिर्देशाचीही वाक्यं ठरलेली; तिथे 700. नियमांनुसार संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे मोजायचंच नसतं. खरं तर सॉफ्टवेअरमध्ये Exclude Bibliography असं बटण आहे आणि ते मी दाबलेलं होतं. तरी सूची सुटली नाही, कारण त्याने शीर्षक दिलं होतं "सिलेक्टेड रीडिंग्ज". सॉफ्टवेअर References किंवा Bibliography असे नेहमीचे शब्द स्वतंत्र ओळीवर शोधतं. नाही सापडले तर सूची त्याला आणखी एक प्रकरणच वाटते. अवतरणांचंही तेच. दुहेरी अवतरणचिन्हं त्याला ओळखता येतात, एकेरी नाहीत. या मुलाने प्रबंधभर एकेरीच वापरली होती.

पुढची आणि मागची पानं काढून 45,800 शब्दांची फाईल पुन्हा चढवली. आकडा आला 25.

आता उरल्या बारीक जुळण्या. "प्राथमिक माहिती प्रश्नावलीच्या साहाय्याने गोळा केली" हे वाक्य इंग्रजीत किती प्रबंधांत असेल, मोजता येणार नाही. अशा पाच-सात शब्दांच्या तुकड्यांनी पान चट्ट्यापट्ट्याचं होतं. नियमांमध्ये सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणाऱ्या सलग 14 शब्दांपर्यंतची सूट आहे, म्हणून आम्ही त्याहून लहान जुळण्या वगळायचं सेटिंग ठेवतो. त्याने 3,100 शब्द गेले आणि 25 चे 18 झाले.

हे सेटिंग दुधारी आहे, हेही त्याला सांगितलं. प्रत्येक दहाव्या शब्दाला एक शब्द बदलत दुसऱ्याचं अख्खं पान उतरवलं तरी ते यात निसटू शकतं. सॉफ्टवेअरमधून निसटलं तरी परीक्षकाच्या नजरेतून निसटेलच असं नाही.

उरलेल्यातले 4,200 शब्द त्याच्याच दोन प्रकाशित लेखांशी जुळत होते. प्रबंधातून लेख काढायचा किंवा लेखाचं प्रकरण करायचं, हे सगळेच करतात. पण स्वतःचा मजकूरही न सांगता पुन्हा वापरणं चालत नाही. यूजीसीने 2020 मध्ये त्यावर वेगळी सूचना काढली होती. आमच्याकडची पद्धत अशी: त्या प्रकरणाच्या सुरुवातीला "या प्रकरणाचा काही भाग अमुक लेखात प्रसिद्ध झाला आहे" अशी तळटीप हवी, आणि गाईडने लेखांची यादी सही करून द्यायला हवी. मगच ते स्रोत मी रिपोर्टमधून वगळते. तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो, फाईल चढवण्याआधी विचारून घ्या. या मुलाकडे गाईडचं पत्र होतं, तळटीप नव्हती. ती टाकायचं कबूल करून घेतलं आणि दोन्ही स्रोत काढून बघितलं: 9.

मुलगा उठायलाच लागला. "झालं ना मॅडम? दहाच्या आत."

त्याला बसवलं. कारण आत्तापर्यंत आम्ही फक्त कचरा बाजूला केला होता. रिपोर्ट वाचायला सुरुवात इथून होते. उरलेले 4,220 शब्द कुठे कसे पसरलेत, ते बघायचं होतं. त्यातले 900 महाराष्ट्राच्या 1963 च्या बाजार समिती कायद्यातली कलमं होती. कायद्याची भाषा आपण बदलायची नसते आणि नियमांतही तिला सूट आहे. सुमारे 2,200 शब्द प्रकरणांत विखुरलेले, कुठे दोन ओळी, कुठे एखादी व्याख्या, बहुतेकांना संदर्भ दिलेला. आणि दुसऱ्या प्रकरणात, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, सलग तीन पानं एकाच रंगात. साधारण 1,100 शब्द.

त्या रंगाच्या आकड्यावर क्लिक केलं की मूळ मजकूर शेजारी उघडतो. शोधगंगेवरचा दुसऱ्या राज्यातला एक प्रबंध होता. वाक्यं तीच, त्यांचा क्रम तोच, आणि मूळ लेखकाने एका लेखाचं साल चुकवलं होतं, ती चूकही तीच. या मुलाने ते मूळ लेख उघडले नव्हते, दुसऱ्याने केलेला सारांश उचलला होता. संदर्भ मात्र मूळ लेखांचे दिले होते, जणू स्वतः वाचलेत.

45,800 मध्ये 1,100 म्हणजे अडीच टक्केही नाहीत. पण माझ्या मते अख्ख्या रिपोर्टमध्ये खरी अडचण तेवढीच होती, 31 च्या वेळीही आणि 9 च्या वेळीही. आकडा एक तृतीयांशापेक्षा खाली आला तरी तिला धक्का लागला नव्हता. टक्का विचारणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच मी सांगते, सर्वात लांब सलग पट्टा शोधा आणि तो कोणत्या प्रकरणात आहे ते बघा. नियमांची अपेक्षा अशी आहे की गोषवारा, गृहीतकं, निरीक्षणं, निष्कर्ष आणि शिफारशी यांत साम्य असूच नये. पद्धतीच्या प्रकरणातला चार टक्क्यांचा भुगा मी सोडून देईन, निष्कर्षातला एक परिच्छेद नाही सोडणार.

स्रोतांची यादी बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. एकच ओळ दहा ठिकाणी असेल तर सॉफ्टवेअर सहसा ती सर्वात जास्त जुळणाऱ्या स्रोताच्या नावावर घालतं. त्यामुळे आयुष्यात न ऐकलेल्या विद्यापीठातल्या कुणा विद्यार्थ्याचा पेपर तुमचा स्रोत म्हणून दिसतो, आणि तो उघडतही नाही. घाबरू नका. ती ओळ तुम्ही कुठून घेतली, हे तुम्हाला माहीत असतं.

खरं तर हा मुलगा माझ्याकडे येण्याआधी एकदा टक्का कमी करून आला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून समानार्थी शब्द घातले होते. इंग्रजीत अत्यल्पभूधारकाला मार्जिनल फार्मर म्हणतात, एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला; ही ठरलेली संज्ञा आहे. त्याच्या प्रबंधात तो बॉर्डरलाइन कल्टिव्हेटर झाला होता. ग्राहकाने दिलेली किंमत आणि शेतकऱ्याच्या हाती पडलेली किंमत यांतल्या फरकाला प्राइस स्प्रेड म्हणतात, तो झाला होता कॉस्ट एक्स्टेंशन. लासलगावच्या बाजारात हे कुणाला सांगून बघ, म्हटलं. दोन शब्दांची संज्ञा 14 शब्दांच्या चाळणीत अशीही पडून जाते, ती बदलून हाती काहीच लागत नाही.

त्याने एक मात्र बरोबर केलं होतं: आधी बाहेर कुठे रिपोर्ट काढला नव्हता. बरेच जण ओळखीच्या कॉलेजातून "एकदा बघून घेऊ" म्हणत मसुदा चढवून येतात. तिथे फाईल साठ्यात ठेवायचं सेटिंग चालू असेल तर मसुदा कायमचा आत जाऊन बसतो, आणि अंतिम प्रबंध आला की स्वतःच्याच मसुद्याशी नव्वदच्या पुढे जुळतो. म्हणून मसुदा चढवताना no repository निवडलंय ना, हे शेजारी उभं राहून बघा. असं झालंच असेल तर ते लपवू नका. ती फाईल काढण्याची विनंती ज्यांनी ती चढवली तेच करू शकतात.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांची गोष्ट उलटी. तिथे शून्य टक्के आला की मला शंका येते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण फाईलच्या आत ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. सॉफ्टवेअर ती खिचडी जगाशी ताडून बघतं आणि अर्थातच काही जुळत नाही. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी उमटलं नाही, तर तो शून्य कामाचा नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून रिपोर्ट पुन्हा काढायला लागेल.

कांद्यावाला मुलगा तीन आठवड्यांनी परत आला. आढाव्यातले नऊ लेख मिळवून वाचले होते, दोन मिळालेच नाहीत म्हणून ते काढून टाकले होते. चुकलेलं साल सुधारलं होतं, मार्जिनल फार्मर जागेवर आला होता. तळटिपाही होत्या. त्याच सेटिंगवर रिपोर्ट काढला: 7.

"नऊचे सातच झाले मॅडम," तो जरा हिरमुसून म्हणाला. मी दुसरं प्रकरण उघडून त्याच्याकडे स्क्रीन फिरवली. ती तीन पानं पांढरी होती.