नोकरी बदलली म्हणून पीएफ काढताय? आधी या चुका टाळा

आपल्याकडे लोटे, महाड, तळोजा, कुडाळ या एमआयडीसीच्या पट्ट्यात पोरं दोन-चार वर्षांनी कंपनी बदलतातच, आणि बदलली की घरात पहिला प्रश्न येतो तो पीएफचा. पावसाच्या आधी घरावरचं छप्पर करायचं असतं, नाहीतर गणपतीच्या आधी रंग काढायचा असतो, आणि कोणीतरी सांगतं की अरे तुझे तर लाख-दीड लाख पडून आहेत, सायबर कॅफेत जा, फॉर्म भर, पंधरा दिवसांत येतात. मी गेली काही वर्षं लोट्याला एका कारखान्यात एचआरचं काम बघतो, त्यामुळे हे फॉर्म भरून झाल्यावर माझ्याकडे येणारी माणसं बरीच बघितलीत. बहुतेकांची गल्लत टॅक्सवर होत नाही, दुसरीकडेच होते.

आकडे घेऊनच बघू. समजा चिपळूणच्या बाजूचा २९ वर्षांचा ऑपरेटर, बेसिक १५,००० रुपये, लोट्याला ४ वर्षं ४ महिने काम केलं आणि आता महाडला चाललाय. त्याच्या पगारातून महिन्याला १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातात. कंपनीही १२ टक्के भरते पण ते सगळे पीएफमध्ये जात नाहीत, त्यातले १,२५० पेन्शनला जातात आणि फक्त ५५० पीएफमध्ये. म्हणजे पीएफ महिन्याला २,३५०. ५२ महिन्यांचे झाले १,२२,२००, आणि व्याज ८.२५ टक्के धरलं (२०२३-२४ आणि २०२४-२५ ला हाच दर होता) तर खात्यात साधारण १ लाख ४५ हजार दिसतील. पेन्शनमध्ये ६५,००० वेगळे गेलेत, पण त्यांच्यावर व्याज चढत नाही, त्याचं गणित वेगळंय, ते पुढे येतं.

आता हा पोरगा म्हणतो काढतो. पाच वर्षं पूर्ण नाहीत आणि रक्कम ५०,००० च्या वर, म्हणून पॅन जोडलेलं असलं तर १० टक्के टीडीएस, म्हणजे साडेचौदा हजार तिथेच कापले जाणार, हातात १ लाख ३० हजार. पॅन नसेल तर २० टक्के. सगळे याच्यावरच बोंब मारतात, पण खरं सांगायचं तर या पगाराच्या माणसाला हा टीडीएस बुडत नाही. वर्षाचं उत्पन्न टॅक्सच्या खाली असेल तर रिटर्न भरून परत मिळतो, नवीन पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत टॅक्सच बसत नाही. रिटर्न भरायचा कंटाळा केला तर मात्र गेले. तेव्हा टीडीएसला घाबरून निर्णय घेऊ नका, आणि टीडीएस परत मिळतो म्हणून काढूही नका.

खरा फरक पुढे आहे. तेच १ लाख ४५ हजार न काढता राहिले आणि दर ८.२५ च राहिला (राहीलच असं नाही, दर वर्षी जाहीर होतो) तर १० वर्षांत ३ लाख २० हजारांच्या आसपास, आणि तो ५८ चा होईपर्यंत साडेचौदा लाखांच्या जवळ. महागाई आहेच, तेव्हाच्या साडेचौदा लाखांना आजचा भाव नसणार, पण छपराचे पत्रे तेव्हापर्यंत दोनदा बदलून झालेले असतील हेही खरं.

पहिली मोठी चूक : पीएफ आणि पेन्शन एकदम काढणं

कॅफेवाला विचारतही नाही, फॉर्म १९ आणि फॉर्म १०सी दोन्ही भरून टाकतो. १९ म्हणजे पीएफचा हिशोब मिटवणं, १०सी म्हणजे पेन्शनचा. हे दोन वेगळे अर्ज आहेत आणि एक भरला म्हणून दुसरा भरावाच लागतो असं काही नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आपल्या ऑपरेटरला १०सी भरून ६५ हजारांच्या आसपासच मिळतील, जेवढे गेले जवळपास तेवढेच. त्या बदल्यात त्याची ४ वर्षं ४ महिन्यांची सर्व्हिस पुसली जाते. पेन्शन मिळायला एकूण १० वर्षं सर्व्हिस लागते, सगळ्या कंपन्यांची मिळून चालते. सर्व्हिस राखली तर महाडला त्याला अजून ५ वर्षं ८ महिने पुरे, नाहीतर शून्यापासून १० वर्षं. पेन्शनचं सूत्र सरळ आहे, पगार (सध्या १५,००० ची मर्यादा) गुणिले वर्षं भागिले ७०. म्हणजे एका वर्षाच्या सर्व्हिसला महिन्याला साधारण २१४ रुपये. चार वर्षं गेली की महिन्याला साडेआठशे रुपये गेले, ५८ पासून पुढे जन्मभर. ६५ हजार आज हातात आले तर बरे वाटतात, ते मान्य.

म्हणून पैशाची खरंच नड असेल आणि नोकरीही नसेल, तर पीएफला हात लावा पण पेन्शनला लावू नका. १०सी मध्ये पैसे मागायच्या ऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, त्यात तुमची सर्व्हिस लिहिलेली असते आणि पुढच्या नोकरीत जोडता येते. १० वर्षं पूर्ण झाली असतील तर पैसे काढायचा पर्याय तसाही बंद, सर्टिफिकेटच.

नवीन नोकरी लागली आणि तरी "बेरोजगार आहे" सांगून काढणं

हे फार चालतं. पूर्ण पैसे काढायचा हक्क नोकरी नसलेल्या माणसाला आहे. आधीचा नियम असा होता की नोकरी सुटून एक महिना झाला की ७५ टक्के आणि दोन महिने झाले की सगळे. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की ७५ टक्के लगेच मिळतील, उरलेले २५ टक्के १२ महिन्यांनी आणि पेन्शनचे ३६ महिन्यांनी. अर्ज करायच्या दिवशी पोर्टल काय दाखवतंय तेच खरं धरा, मित्राने दोन वर्षांपूर्वी काढले तेव्हाचं ऐकू नका.

महाडच्या कंपनीत पीएफ सुरू झाला म्हणजे तुमचा मार्ग ट्रान्सफरचा. मग पोरं काय करतात, नवीन कंपनीत जॉइन होताना सांगतात की माझा आधी पीएफच नव्हता, म्हणजे जुना आपला मोकळा राहील आणि काढता येईल. यातून जुन्या लोकांचे दोन-दोन यूएएन झालेत आणि नंतर आधार एकालाच जोडलेला, दुसऱ्यातले पैसे अडकलेले. यूएएन १२ आकड्यांचा, माणसाला एकच. नवीन कंपनीला पहिल्या दिवशी तोच द्या.

आणि ट्रान्सफर केल्याने पाच वर्षांचं मोजमाप जोडलं जातं, ते विसरू नका. आपल्या ऑपरेटरचे ५२ महिने झालेत, महाडला ८ महिने झाले की पाच वर्षं पूर्ण, त्यानंतर काढले तर टॅक्सच नाही. काढून घेतले असते तर महाडला परत पहिल्यापासून पाच.

मधल्या काळात आजारपण आलं, घराचं काम निघालं तर नोकरीत असतानाही फॉर्म ३१ ने अॅडव्हान्स मिळतो, सगळं खातं रिकामं करायची गरज नसते. आजारपणाला आधीपासूनच सर्व्हिसची अट नव्हती.

काढायचं नाही म्हणून तसंच सोडून देणं

ही दुसऱ्या टोकाची चूक. व्याज बंद होतं ही भीती मात्र खोटी, नोकरी सोडून बागायत करायला घरी आलात तरी ५८ पर्यंत व्याज चालू राहतं. पण नोकरी सुटल्यानंतर चढलेल्या व्याजावर टॅक्स लागतो. आणि मोठी अडचण म्हणजे जुनी कंपनी. आपल्याकडे निम्मी पोरं कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर असतात, कॉन्ट्रॅक्ट बदललं की गेट तेच, मशीन तेच पण पीएफचा मेंबर आयडी नवीन. तीन कॉन्ट्रॅक्टर झाले की तीन आयडी, आणि त्यातला एक जण गाशा गुंडाळून गेला की नावातली चूक दुरुस्त करायला सही कोणाची आणायची. ट्रान्सफर करायचंय तर कॉन्ट्रॅक्टर फोन उचलतोय तोपर्यंत करा.

ट्रान्सफर अडकतो तो कुठे

मेंबर पोर्टलवर View मध्ये Service History उघडा. जुन्या कंपनीसमोर Date of Exit रिकामी असेल तर पुढे काही सरकत नाही. कंपनीने टाकली नसेल तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर Manage मध्ये Mark Exit ने स्वतः टाकता येते, आधारच्या ओटीपीवर. तारीख टाकताना हजेरीचा शेवटचा दिवस नीट बघा, जुन्या कंपनीची एक्झिट नव्या कंपनीच्या जॉइनिंगच्या नंतरची पडली की चौकशा सुरू होतात आणि एकदा टाकलेली तारीख बदलणं जिकिरीचं असतं.

मग Online Services मध्ये One Member - One EPF Account. काही आठवड्यांनी नवीन आयडीच्या पासबुकात रक्कम आली की तीन रकाने बघा. तुमचा हिस्सा आला, कंपनीचा आला आणि पेन्शनच्या रकान्यात शून्य. इथे माणसं घाबरून फोन करतात की साहेब पेन्शन खाल्ली. खाल्लेली नसते, पेन्शनचे पैसे रकमेने सरकत नाहीत, फक्त सर्व्हिस सरकते, ती Service History मध्ये दिसली पाहिजे. तिथेही जुनी कंपनी दिसत नसेल तरच तक्रार टाका.

राहिलं काढणाऱ्यांचं. नोकरी खरंच गेलीय आणि डोक्यावर फायनान्सवाल्याचं महिना दोन-तीन टक्क्याचं कर्ज आहे, तर वर्षाला सव्वाआठ टक्के मिळवण्यासाठी पीएफ सांभाळून ठेवण्यात काही अर्थ नाही, काढा आणि कर्ज फेडा. फक्त अर्ज टाकण्याआधी बँकेचा आयएफएससी तपासा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, देना बँक त्याआधीच बडोद्यात गेली, आणि पोर्टलवर अजून जुनाच कोड पडलेला असतो. पासबुक घेऊन शाखेत जा, आजचा कोड विचारा, KYC मध्ये तो बदलून मंजूर झालेला दिसू दे, मगच फॉर्म १९ भरा.