बरणीत माती, तक्त्यात पीक

बरणीत माती पाण्यात हलवून तिचा पोत कसा काढायचा आणि त्यावरून योग्य पिकाचा तक्ता मुलांकडून कसा करून घ्यायचा, हे शाळेत नव्याने विज्ञान किंवा शेती शिकवायला लागलेल्यांसाठी लिहितोय. मी सोलापूर जिल्ह्यात शिकवतो. आमच्याकडे एकाच गावात ओढ्याकाठी काळीभोर भारी जमीन आणि माळावर बरड, दोन्ही सापडतात, त्यामुळे तुलना आयती होते. तुमच्याकडे तसं नसेल तर शेजारच्या गावाहून नमुना मागवा. एकाच मातीच्या दहा बरण्या भरल्या तर मुलांच्या हाती काही लागत नाही.

नमुना वीतभर खोलीपर्यंतचा घ्यायला सांगा. बांधालगतची, झाडाखालची किंवा उकिरड्याजवळची माती नको. ती सावलीत वाळवून ढेकळं लाकडी दांड्याने फोडायची आणि चाळायची. चाळणीत राहिलेले खडे फेकू नका, किती निघाले ते तक्त्यात लिहायचं आहे. मग सरळ बाजूंची काचेची बरणी एक तृतीयांश मातीने भरा, वर गळ्यापर्यंत पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा. साबणाची पावडर टाकली तर फेसामुळे पातळी नीट दिसत नाही. झाकण घट्ट लावून पाच-दहा मिनिटं जोरात हलवा. मुलं दोन मिनिटांत कंटाळतात, म्हणून बरणी हातोहाती फिरवायची.

बरणी टेबलावर ठेवली की घड्याळ सुरू. एका मिनिटाने तळाशी बसते ती वाळू, तिथे मार्करने रेघ. दोन तासांनी पोयट्याची रेघ. चिकणमाती त्यानंतरही बसत राहते, म्हणून शेवटची रेघ दोन दिवसांनी. पहिल्या तासाला बरणी हलवली की दुसरी रेघ मधल्या सुट्टीच्या आसपास येते. या रेघा त्या-त्या वेळीच मारायला हव्यात. पुस्तकातल्या चित्रात थर वेगवेगळ्या रंगांचे असतात, आपल्या काळ्या मातीत सगळंच काळं, नंतर बघून थर ओळखता येत नाहीत.

एक खरीखुरी वाटेल अशी आकडेमोड करून दाखवतो. ओढ्याकाठच्या मातीत वाळू १२ मिमी, दुसरी रेघ २७ मिमीवर, शेवटची ६० मिमीवर. म्हणजे पोयटा १५ आणि चिकणमाती ३३ मिमी. टक्क्यांत २०, २५ आणि ५५. ही भारी चिकण जमीन. माळाच्या बरणीत एकूण ५० मिमी, त्यात वाळू ३१, पोयटा ११, चिकणमाती ८. म्हणजे ६२, २२ आणि १६ टक्के. ही हलकी, वाळूसर पोयट्याची.

आता यातली मेख. बरणी थराची जाडी मोजते, वजन नाही. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, त्यामुळे तिचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून सोबत फीत-चाचणी घ्या: ओली माती अंगठा आणि बोटात दाबत पट्टी काढायची. पाच सेंटिमीटरच्या पुढे न तुटता गेली तर चिकण खरीच. उलटी फसगत चुनखडीच्या जमिनीत होते. चुन्यामुळे बारीक कण एकमेकांना धरून गठ्ठ्याने लवकर खाली बसतात आणि पोयट्यात मोजले जातात. तासाभरातच वरचं पाणी नितळ झालं तर शंका घ्या, सोडा थोडा वाढवून पुन्हा हलवा. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून फसफसलं तर चुनखडी आहे, हेही तक्त्यात लिहा.

तक्त्यात शेताची जागा, खडे, तिन्ही टक्के, फीत आणि चुनखडी एवढं झालं की बहुतेक जण थेट 'योग्य पीक' हा रकाना भरतात. मी त्याआधी एक रकाना घालतो: मुरूम किती खोलीवर लागतो. तो बरणीत दिसत नाही, विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला जाऊन बघावा लागतो. रब्बी ज्वारी मुख्यतः पावसाळ्यात जमिनीत साठलेल्या ओलीवर येते आणि ओल किती साठेल हे पोताइतकंच खोलीवर ठरतं. ५५ टक्के चिकणमाती असली तरी हातभर खाली मुरूम लागला, तर ती जमीन फार ओल धरू शकत नाही. म्हणूनच राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचे वाणसुद्धा खोलीप्रमाणे दिलेत: उथळ, हलक्या जमिनीला फुले अनुराधा, खोल, भारीला फुले वसुधा. माळाच्या जमिनीवर मुलं बाजरी, मटकी, हुलगा लिहितात, ते बरोबरच असतं.

पिकाचा अंदाज मुलांनी आधी पेनने लिहावा, मग घरी विचारून शेजारी 'प्रत्यक्षात काय घेतात' ते भरावं. दोन्ही जुळले नाहीत की वर्गात खरी चर्चा सुरू होते. माळावर ऊस दिसला की कोणीतरी सांगतंच, "सर, तिथं ठिबक आहे." मग पाण्याची सोय हाही रकाना वाढतो, आणि तो मुलांनीच सुचवलेला असतो.

बरण्या रिकाम्या करायच्या त्या झाडाच्या आळ्यात. बेसिनमध्ये ओतल्या तर चिकणमाती पाइपात बसते आणि शिपाईमामा पुढच्या वर्षी बरण्या देत नाहीत.