गेशा, बोर्बन, एस ७९५: कॉफीच्या बॅगेवरचं वाणाचं नाव कसं वाचावं आणि त्याचे किती पैसे द्यावेत

महागडी कॉफी घेताना "गेशा आहे ना, मग चांगलीच असणार" असा सल्ला देणारे खूप भेटतात. जळगाव-धुळ्याकडे तर स्पेशालिटी कॉफी बहुतेक ऑनलाइनच मागवावी लागते. आधी चाखून बघायची सोय नसते, त्यामुळे सगळी भिस्त बॅगेवरच्या शब्दांवर. म्हणून ते शब्द नीट वाचायला हवेत. ग्राइंडर, काटा आणि गाळायचं साधन तुमच्याकडे आहे असं धरून पुढे जातो.

पायरी १: वाणाचं नाव कोणतं ते ओळखा

हे सोपं आहे. अरेबिका ही झाडाची जात झाली, ती वाणाच्या वरची पायरी. पीबेरी हा बियांचा आकार, एए ही प्रतवारी, मान्सून्ड मलबार ही प्रक्रिया. वॉश्ड, नॅचरल, हनी, अनएरोबिक याही प्रक्रियाच, म्हणजे तोडलेल्या फळातून बी तयार करण्याच्या रीती; वॉश्डमध्ये गर धुऊन काढून मग बी वाळवतात. रत्नागिरी इस्टेट हे बाबाबुडनगिरीच्या डोंगरातल्या मळ्याचं नाव आहे, कोकणाशी त्याचा संबंध नाही. हे सगळं वगळल्यावर गेशा, बोर्बन, कॅटुरा, चंद्रगिरी, एस ७९५ असं काही उरलं तर तो वाण. काहीच उरलं नाही तर विकणाऱ्याने वाण सांगितलेला नाही, एवढंच समजा.

एक फसवी जागा मात्र आहे. केनियाच्या बॅगेवरचं एसएल २८ आणि आपल्याकडचं एसएल ७९५, म्हणजे वरचंच एस ७९५, किंवा एसएलएन ९ हे एकाच घराण्यातले नाहीत. केनियातलं 'एसएल' स्कॉट लॅबोरेटरीजचं. आपल्याकडचं 'सिलेक्शन'चं, म्हणजे चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला जे कॉफी संशोधन केंद्र आहे तिथल्या निवडींचं. विकणाराच कधी कधी दोन्ही एकत्र करून ठेवतो.

पायरी २: तो वाण महाग का, ते बघा

पिकवायला महाग असणं आणि नावामुळे महाग असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

बोर्बन घ्या. फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला येमेनमधून रोपं नेऊन हिंदी महासागरातल्या बोर्बन बेटावर लावली, तो हा वाण. आज त्या बेटाला रेयुनियों म्हणतात. झाड उंच वाढतं, दोन झाडांत अंतर जास्त ठेवावं लागतं आणि तांबेरा पटकन पडतो. याच बोर्बनमधून ब्राझीलमध्ये कॅटुरा हा बुटका वाण आपोआप निपजला. तो दाट लावता येतो, वेचायला सोपा जातो, एकरी माल जास्त देतो. म्हणून ज्या भागात शेतकऱ्याने बोर्बन उपटून बुटके वाण लावले, तिथे मुद्दाम राखलेल्या बोर्बनला चार पैसे जास्त मिळणं रास्त आहे. पण रवांडात बहुतेक झाडं बोर्बनचीच. तिथल्या बॅगेवर 'बोर्बन' मोठ्या अक्षरात छापून कोणी जादा दर लावत असेल तर देऊ नका.

गेशाची गोष्ट निराळी. इथिओपियातल्या गेशा भागातल्या रानातून १९३० च्या दशकात बी गोळा झालं. ते टांझानियामार्गे १९५३ मध्ये कोस्टा रिकातल्या संशोधन केंद्रात पोचलं आणि पुढे १९६० च्या दशकात पनामात गेलं. कारण चव नव्हतं, तांबेऱ्याला तोंड देण्याची ताकद होती. शेतकऱ्यांना ते झाड आवडलं नाही. फांद्या ठिसूळ, माल कमी. मग बोकेतेतल्या हासिएंडा ला एस्मेराल्डा या मळ्याने उंचावरच्या तुकड्यातला माल इतरांपासून वेगळा काढून चाखला आणि २००४ च्या पनामाच्या स्पर्धेत उतरवला. लिलावात पौंडाला २१ डॉलर आले. त्या वर्षी साधी अरेबिका पौंडाला एका डॉलरच्या आसपास घुटमळत होती. २०२५ च्या लिलावात त्याच मळ्याच्या वॉश्ड गेशाला किलोला ३० हजार डॉलरच्या वर भाव मिळाला, पण तो ढीग अवघ्या वीस किलोंचा होता. तुमच्या दोन हजारांच्या बॅगेतला माल त्या ढिगातला नाही. लिलावाची बातमी दाखवून कोणी बॅग विकायला लागला की मी पान बंद करतो.

म्हणजे गेशाच्या किमतीत कमी उतारा आहे, उंचावरची जमीन आहे, वेगळी राखलेली वेचणी आहे, आणि वर नावाची हवा आहे. पहिल्या तिन्हींचे पैसे द्यायला हरकत नाही. चौथ्याचे किती देताय ते कळावं म्हणून पुढची पायरी.

पायरी ३: वाणाची चव प्रक्रियेच्या चवीपासून वेगळी काढा

सगळ्यांचं गाडं इथेच अडतं, माझंही फार दिवस अडलं होतं. कपात फळांचा वास आला की माणूस म्हणतो, "वा, गेशा!" तो वास बऱ्याचदा वाणाचा नसतोच. फळासकट वाळवलेल्या नॅचरल मालात कुठल्याही वाणाला बोरा-द्राक्षांचा गोड वास येतो. अनएरोबिकमध्ये आंबवण्याचा वास सगळ्यांवर बसतो. फळं घालून आंबवलेल्या कॉफीत तर वाण ओळखायचं नावच काढू नका, तिथे घातलेलं फळच बोलतं.

आपल्याकडच्या भरिताच्या वांग्यासारखंच आहे हे. वाण तोच हवा, जमीन तशी हवी, आणि कपाशीच्या काड्यांवर भाजायला हवं. भरीत खाल्ल्यावर धुराच्या वासाचं श्रेय वांग्याला देऊन चालत नाही.

म्हणून माझा हट्ट असा: वाणाची परीक्षा घ्यायची तर वॉश्ड आणि हलकी भाजलेलीच कॉफी घ्या. दोन बॅगा एकाच मळ्याच्या, एकाच प्रक्रियेच्या, फक्त वाण वेगळा अशा मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाल्या तर निदान प्रक्रिया, भाजणं आणि भाजल्याची तारीख जवळपास सारखी ठेवा. गेशा वॉश्ड आणि दुसरी नॅचरल घेऊन तुलना करणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता पाणी. खानदेशात यावर कोणी बोलत नाही आणि निम्म्या महाग बॅगा इथेच वाया जातात. आपल्या बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. ते कॉफीतलं आम्ल मारून टाकतं. एस ७९५ सारखी भरदार कॉफी त्यात कशीबशी तग धरते. गेशाचं मात्र सगळं वैभवच आंबट-सुगंधी बाजूला, त्यामुळे तिचा कप सपाट, खडूसारखा लागतो आणि लोक म्हणतात, "एवढ्यासाठी दोन हजार?" परीक्षेपुरतं बाटलीबंद पाणी आणा. घरचं आरओचं पाणी असेल तर टीडीएस मीटर लावा. शंभरच्या आसपास असेल तर उत्तम, वीस-तीसवर उतरलं असेल तर कप पोकळ लागेल.

मग तीन सारखे कप घ्या. दोघांत एक कॉफी, तिसऱ्यात दुसरी. प्रत्येकात ११ ग्रॅम जाडसर दळलेली पूड, वर उकळी बसलेलं २०० मिली पाणी. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडा, फेस काढून टाका आणि दहा मिनिटं हात लावू नका. वेगळी कॉफी कुठल्या कपात आहे ते तुम्हाला माहीत नसलं पाहिजे. आमच्याकडे वहिनी कपाच्या बुडाला टिकली चिकटवते आणि कप फिरवून ठेवते. टिकली बाहेरून दिसणार नाही असा कप घ्यायचा, एवढंच पथ्य.

चमच्याने चाखा, आणि कप कोमट झाल्यावर पुन्हा चाखा. गरम असताना तिन्ही सारखेच लागतील, त्याने खचू नका. चांगल्या वॉश्ड गेशात कोमट होता होता जाईच्या फुलांचा वास आणि मोसंबीच्या सालीसारखा तजेला वर येतो, आणि ती जिभेवर चहाइतकी हलकी वाटते. वेगळा कप ओळखा, मग उलटून टिकली बघा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एका फेरीवर उड्या मारू नका. चार फेऱ्या करा. चारही बरोबर आल्या तर फरक तुमच्या जिभेला खरंच कळतो. एक-दोनच बरोबर आल्या तर तुम्हाला कळत होती ती बॅगेची किंमत.

एवढं करूनही गेशात फुलं सापडली नाहीत तर दोष दरवेळी तुमचा नाही. कमी उंचीवर लावलेल्या गेशात तो वास फिका पडतो. शिवाय 'गेशा' या नावाखाली जनुकांनी वेगवेगळी असलेली झाडंही जगभर लावली गेली आहेत. कोलंबियातला 'पिंक बोर्बन' तर तपासणीत बोर्बनचा निघालाच नाही, इथिओपियातल्या जुन्या वाणांच्या जवळचा निघाला. कॉफी चांगली, नाव चुकीचं. म्हणून गेशाच्या बॅगेवर देश, मळा, उंची, प्रक्रिया आणि हंगाम हे सगळं नसेल तर ती घेऊ नका. 'गेशा ब्लेंड' लिहून प्रमाण सांगितलं नसेल तर बघूही नका.

पायरी ४: कपामागे हिशोब करा

समजा एस ७९५ ची २५० ग्रॅमची बॅग ५५० रुपयांना आहे. कपाला १५ ग्रॅम धरले तर १६ कप होतात, कप साधारण ३४ रुपयांना पडतो. गेशाची १०० ग्रॅमची पुडी २००० रुपयांना असेल तर ६ कप, म्हणजे कपाला ३३३ रुपये. जवळजवळ दहापट. टिकलीच्या परीक्षेत पास झाला असाल आणि वर्षातून एकदा घेत असाल तर खुशाल घ्या.

रोज दूध घालून पिणार असाल तर गेशाकडे फिरकूही नका. दुधात ती फुलं बुडतात आणि हलका कप आणखी पातळ लागतो. त्यासाठी एस ७९५ किंवा चंद्रगिरी, मध्यम भाजलेली घ्या. चंद्रगिरीला लोक उगाच नाक मुरडतात. २००७ मध्ये मळ्यांना दिलेला हा बुटका, तांबेऱ्याला दाद न देणारा वाण आहे, आणि नीट वेचलेला, नीट धुतलेला माल असला की नावापुरत्या महाग असलेल्या कितीतरी बॅगांपेक्षा सरस निघतो.

पायरी ५: मागवणं

एप्रिल-मे मध्ये महाग बॅग मागवू नका. कुरिअरच्या गाडीत आणि गोदामात ती भुसावळच्या उन्हात दोन-तीन दिवस तापते. आधी सुगंधच उडतो, आणि गेशाचे पैसे आपण सुगंधाचेच दिलेले असतात. नोव्हेंबरनंतर मागवा, १०० ग्रॅमच्या वर घेऊ नका, आणि भाजल्याची तारीख छापली नसेल तर विकणाऱ्याला फोन करून विचारा.