लाल-पिवळा-हिरवा ट्रॅकर: तारीख आधी तपासा

अंबडच्या कारखान्यात नवं मशीन बसवायचंय, त्याची कामं एक्सेलमध्ये ओळीओळीनं लिहिलीत, C मध्ये मुदत, D मध्ये किती टक्के काम झालं ते % चिन्हासह, असं धरू. मुदत उलटली की लाल, तीन दिवसांवर आली की पिवळा, काम पूर्ण झालं किंवा मुदत लांब असली की हिरवा. कोणी 15.06.2025 असं टिंबं देऊन लिहिलं, तर एक्सेल बहुधा ते मजकूर समजतं. मजकूर कायम आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, म्हणून मुदत उलटली तरी काम हिरवंच! (साहेब खूश.) असा मजकूर सेलच्या डाव्या कडेला चिकटतो, त्यावरून ओळखा. उलट रिकामी मुदत शून्य धरली जाते आणि लाल दिसते. म्हणून E2 मध्ये हे सूत्र लिहा आणि E50 पर्यंत खाली ओढा:

```
=IF(NOT(ISNUMBER(C2)),"तारीख?",IF(D2=1,"हिरवा",IF(C2<TODAY(),"लाल",IF(C2<=TODAY()+3,"पिवळा","हिरवा"))))
```

मग A2:E50 निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा नियम द्या, बाकी रंगांनाही तसाच:

```
=$E2="लाल"
```

डॉलर फक्त E आधी. 2 आधीही लावलात, तर सगळ्या ओळी पहिल्या कामाचाच रंग घेतील.