टपालाने पाठवलेली स्वीकृती प्रस्तावकाला केव्हा बांधते, हे कसे ठरवावे

आधी एका कागदावर प्रत्येक पत्राच्या दोन तारखा लिहून काढाव्यात, एक ते टपालात पडल्याची आणि दुसरी ते समोरच्याच्या हाती पडल्याची. कारण भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 4 आणि 5 यांचा सारा हिशेब या तारखांवरच चालतो.

समजा, कोल्हापूरच्या एका शेतकऱ्याने आपला जुना ट्रॅक्टर साडेचार लाखांना विकण्याचा प्रस्ताव 3 जूनला लातूरच्या गृहस्थांना पत्राने पाठवला आणि तो त्यांना 6 जूनला मिळाला. प्रस्ताव वाचणाऱ्याला कळतो तेव्हाच तो पोहोचला असे कायदा मानतो. पुढे 7 जूनला शेतकऱ्याचा विचार बदलला आणि त्याने प्रस्ताव मागे घेत असल्याचे पत्र टाकले. ते लातूरला 10 जूनला पोहोचले. पण गृहस्थांनी 8 जूनलाच होकाराचे पत्र टाकले होते, जे कोल्हापूरला 12 जूनला मिळाले.

आता प्रस्तावकाच्या बाजूने पाहावे. होकाराचे पत्र पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेर गेले, त्या क्षणी म्हणजे 8 जूनला शेतकरी बांधला गेला. प्रस्ताव मागे घेतल्याचे मात्र समोरच्याला कळले तरच त्याच्यावर चालते, आणि 10 जूनपर्यंत उशीर झालेला होता. शेतकऱ्याने आपले पत्र एक दिवस आधी टाकले होते, या मुद्द्याचा त्याला काहीही उपयोग नाही. बहुतेकांची चूक नेमकी इथेच होते.

त्यानंतर स्वीकारणाऱ्याची बाजू पाहावी, कारण ती वेगळी आहे. लातूरचे गृहस्थ 12 जूनला पत्र शेतकऱ्याला कळेपर्यंत बांधले जात नाहीत, म्हणून 11 जूनला फोन करून त्यांनी नकार कळवला असता, तर त्यांची सुटका झाली असती. चार दिवस एकच पक्ष अडकलेला असतो, हे विचित्र वाटले तरी आपल्या कायद्यात तसेच आहे. इंग्लंडमध्ये 1818 पासून चालत आलेल्या नियमानुसार मात्र पत्र टाकताच सामान्यतः दोघेही बांधले जातात.

यावर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. होकार बिनशर्त हवा. “चार लाखांना घेतो” असे लिहिले, तर तो नवा प्रस्ताव ठरतो. पत्रावर पत्ता बरोबर हवा आणि ते खरोखर टपालात पडलेले हवे. घरच्या मुलाकडे टाकायला दिलेले पत्र अजून पाठवणाऱ्याच्याच ताब्यात असते, म्हणून स्पीड पोस्टची पावती जपावी. शिवाय प्रस्तावात उत्तराची ठरावीक पद्धत किंवा मुदत सांगितली असेल, तर ती पाळलेली हवी.

फोनवर दिलेल्या होकाराला टपालाचा हा नियम लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये भगवानदास केडिया प्रकरणात बहुमताने ठरवले की, असा करार होकार जिथे ऐकला जातो तिथे होतो.