झुरळांना स्प्रे लागू पडेना तेव्हा

सोलापुरात आमच्या ओट्याखाली दोन वर्षं एकच स्प्रे मारत होतो. शेवटी छोटी तपकिरी झुरळं भिजूनही शेंगाचटणीच्या डब्यामागे पळायची. दुसऱ्या कंपनीचा डबा आणला, तरी तेच. दोन्हींत पायरेथ्रॉइड या एकाच प्रकारचं कीटकनाशक होतं. औषध पचवणारी झुरळं वाचतात आणि पुढची पिल्लं त्यांचीच होतात.

मग स्प्रे थांबवला. बिजागरीत, सिलिंडरमागे फिप्रोनिल जेलचे, म्हणजे झुरळं खाऊन मरतात अशा विषारी आमिषाचे, मसुराएवढे ठिपके लावले. जेलजवळ स्प्रे अजिबात मारू नका, झुरळं तिकडे फिरकत नाहीत. तीन आठवड्यांत रात्री दिवा लावला की एखादंच दिसायचं.

चार महिन्यांनी झुरळं पुन्हा दिसली, पण ठिपके जसेच्या तसे. काही झुरळं जेलमधल्या ग्लुकोजलाच टाळू लागतात. म्हणून वेगळ्या कंपनीचं, इंडोक्साकार्ब या दुसऱ्या विषाचं जेल आणलं. ते पहिल्याच रात्री खाल्लेलं दिसलं.