मोबाइलची टकटक आणि घुर्र: मुद्रित बोलण्यातून ती काढताना या चुका टाळा

रेकॉर्डरजवळ मोबाइल ठेवला असेल, तर फोनची घंटी वाजण्याच्या जरा आधी मुद्रणात एक तालबद्ध टकटक उमटते, आणि कॉल घेतला की तिच्या जागी सलग घुर्र ऐकू येते. हे दोन्ही आवाज एकाच कारणाने येतात. 2जी म्हणजेच जीएसएम फोन सतत प्रक्षेपण करत नाही; त्याच्या वाट्याला 4.615 मिलिसेकंदांतून एकदा, फक्त 0.577 मिलिसेकंदांचा अवधी येतो आणि तेवढ्यात तो आपली सगळी शक्ती सोडतो. 900 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ही शक्ती 2 वॅटपर्यंत जाऊ शकते. माइकची तार अँटेनासारखी वागते, प्रवर्धकातले ट्रान्झिस्टर त्या रेडिओलहरीचे दिष्टीकरण करतात आणि प्रक्षेपणाची केवळ उघडझाप ध्वनी म्हणून मुद्रित होते. सेकंदाला 216.67 वेळा होणारी ही उघडझापच आपल्याला ऐकू येते. टॉवर लांब असेल तर फोन शक्ती वाढवतो, त्यामुळे रेंज कमी असलेल्या गावातल्या मुद्रणांत हा त्रास अधिक असतो. 3जी फोनचे प्रक्षेपण सलग असल्याने त्यात हा ताल नसतो. मात्र कॉलसाठी 2जीवर उतरणारा 4जी फोन तोच आवाज करतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे टकटक आणि घुर्र यांना एकच औषध लावणे. त्यांचे मूळ एक असले, तरी काळाच्या हिशेबात ते अगदी वेगळे आहेत. टकटकीतला प्रत्येक टोला म्हणजे बहुधा ओळीने आलेले चार स्पंद असतात आणि तो सुमारे 14 मिलिसेकंदांत संपतो. पुढचा टोला साधारण पाव सेकंदाने येतो. घुर्र मात्र कॉल चालू असेपर्यंत टिकते. म्हणून आधी मुद्रणाचा तरंग पडद्यावर मोठा करून पाहावा. सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या मुद्रणात दोन स्पंदांमधले अंतर साधारण 221 ते 222 नमुने भरते, तर 44,100 च्या मुद्रणात 203 ते 204. एवढे मोजले की दोषाची खात्री पटते. विजेच्या गुणगुणीसाठी असलेला, 50 हर्ट्‌झ आणि त्याच्या पटींवर चालणारा फिल्टर येथे लावू नये. त्याच्या खाचा, म्हणजे तो कापून टाकतो ते अरुंद पट्टे, या आवाजाच्या बहुतेक पट्ट्यांवर बसत नाहीत.

दुसरी चूक फार सरसकट होते: बोलण्यातला विराम निवडून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममधल्या Noise Reduction ला त्याचा नमुना द्यायचा आणि ते संपूर्ण फाइलवर चालवायचे. हे साधन पंख्यासारख्या एकसारख्या चालणाऱ्या आवाजासाठी आहे. टकटक क्षणात येते आणि जाते, त्यामुळे नमुन्यात तिचे प्रमाण ठरत नाही. टोले तसेच राहतात आणि बोलणे मात्र पाण्याखालून आल्यासारखे होते. नॉइज गेट लावणेही तितकेच चुकीचे आहे. गेट फक्त विरामातला आवाज बंद करतो, म्हणून प्रत्येक शब्दासोबत घुर्र एकदम उसळून वर येते आणि आधीपेक्षा जास्त खुपते.

सलग घुर्र काढण्यासाठी अनेक जण 217 हर्ट्‌झवर एकच खाच मारतात आणि काहीच फरक पडला नाही म्हणून सोडून देतात. स्पंद अत्यंत अरुंद असल्याने त्यांची शक्ती 433, 650, 867 अशी वर कित्येक पटींपर्यंत पसरलेली असते आणि कानाला टोचणारा भाग त्या वरच्या पटींमध्येच असतो. तेव्हा खाचांची रांगच लागते, आणि तेथे 217 हा गोळाबेरीज आकडा चालत नाही: विसाव्या पटीला 217 धरल्यास 4,340 येतात, तर खरी जागा 4,333 आहे. अरुंद खाच एवढ्या फरकाने लक्ष्य चुकते. ऑडॅसिटीमध्ये घुर्र असलेला तेवढाच मोनो भाग निवडून Nyquist Prompt मध्ये पुढील ओळी चालवाव्यात:

```
(setf s *track*)
(dotimes (k 20)
  (let ((f (* (/ 650.0 3) (+ k 1))))
    (setf s (notch2 s f (/ f 8)))))
s
```

येथे 650 भागिले 3 म्हणजे नेमके 216.67, आणि प्रत्येक खाचेची रुंदी सर्वत्र सुमारे 8 हर्ट्‌झ राहते. रुंदी सर्व पटींवर सारखी ठेवणे महत्त्वाचे आहे; सगळीकडे एकच क्यू, म्हणजे वारंवारता भागिले रुंदी हे गुणोत्तर, दिल्यास वरच्या खाचा रुंद होत जातात आणि व्यंजनांची धार जाते. हे झाल्यावरही सेकंदाला साधारण 8 वेळा एक हलकी धडधड उरू शकते. संभाषणात फोन 4.615 मिलिसेकंदांच्या दर 26 चौकटींमागे एक चौकट, म्हणजे दर 120 मिलिसेकंदांनी एकदा, रिकामी सोडतो. ती उरलेली धडधड त्याची असते. ती पुसण्यासाठी खाचा रुंद करू नयेत, कारण बाईच्या आवाजाची मूळ पट्टी बहुधा 200 ते 220 हर्ट्‌झच्या आसपास असते आणि सूर तेथे टेकला की त्याच्या सर्व पटी या खाचांत एकदमच सापडतात.

टकटकीवर मात्र हीच खाचांची रांग चालवणे ही तिसरी मोठी चूक. 8 हर्ट्‌झ रुंदीच्या खाचेला स्थिरावायला सुमारे 40 मिलिसेकंद लागतात, आणि टोला 14 मिलिसेकंदांत संपून गेलेला असतो. फिल्टर जागा होईपर्यंत टोला निघून जातो आणि मागे एक घुमणारी शेपटी राहते. येथे हाताने केलेली दुरुस्तीच खरी. एक उदाहरण घेऊ. जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या आजीबाईंचे मुद्रण आहे. शेजारी ठेवलेल्या बटणांच्या फोनवर संदेश येतो आणि ‘पंढरी’ या शब्दातल्या लांब ‘री’वर एक टोला बसतो. तरंग इतका मोठा करावा की एकेक नमुना दिसेल. आजीबाईंच्या स्वराच्या गोल लाटांवर चार टोकदार काटे सारख्या अंतरावर दिसतील. पहिल्या काट्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून सुमारे 50 नमुने निवडावेत आणि Repair चालवावे. हे साधन एका वेळी 128 नमुन्यांपर्यंतच चालते, म्हणून चारही काटे एकत्र निवडता येत नाहीत. पुढच्या प्रत्येक काट्यावर जाऊन Ctrl+R दाबावे. स्वर स्थिर असल्याने जोड कळत नाही. टोला ‘स’ किंवा ‘श’ वर पडला असेल तर भरलेला तुकडा मूळ खरखरीपेक्षा थोडा गुळगुळीत होतो, पण एवढ्या लहान अवधीत कान ते सहन करतो.

मुद्रण आधी एमपी3 करून किंवा व्हॉट्सॲपवर मागवून मग साफ करायला घेणे, हीही मोठी चूक. तसे आकुंचन टोकदार काट्याला आजूबाजूला पसरवते. मग 50 नमुन्यांची दुरुस्ती पुरत नाही. रेकॉर्डरमधली मूळ डब्ल्यूएव्ही फाइलच मागवावी.

शेवटची तपासणी टाळू नये. मूळ मुद्रणाची प्रत घेऊन तिच्यावर Invert चालवावे, साफ केलेल्या फाइलसोबत ती मिसळावी आणि उरलेले ऐकावे: त्यात फक्त टकटक व घुर्र असायला हवी. शब्द ओळखू येऊ लागले तर खाचा रुंद आहेत किंवा निवड लांबली आहे. आणि काटे इतके उंच असतील की मुद्रणाची कमाल पातळी गाठून तरंग सपाट झाला आहे, तर त्या नमुन्यांत मूळ बोलणे मुळात उरलेलेच नसते. अशा जागी Repair शेजारच्या तरंगावरून अंदाज भरते, खाचांना तेवढेही जमत नाही, आणि सलग घुर्रीत असे घडले असेल तर तो भाग पुन्हा मुद्रित करावा.